पिरियडच्या शेवटी समजलं का ते बघायचं राहूनच जातं, वेळ कसा काढायचा?

प्रश्न: सहावीला गणित घेतो. ३५ मिनिटांचा पिरियड, वर्गात ५२ मुलं. टाचणात शेवटची ५ मिनिटं मुलांना समजलं का ते बघायला ठेवतो, पण दरवेळी ॲक्टिव्हिटी लांबते, बेल होते आणि मी 'उद्या बघू' म्हणून बाहेर पडतो. काय चुकतंय?

उत्तर:

सर, आधी तुमच्या त्या ५ मिनिटांचा हिशोब करू, कारण माझ्या मते पहिली गडबड तिथेच आहे. फळ्यावर एक उदाहरण लिहायचं, मुलांनी ते वाचायचं, कागद पुढे ओढायचा, यात १ मिनिट जातं. सोडवायला ३ मिनिटं, त्याहून कमी दिलीत तर फक्त हुशार मुलांचंच उत्तर मिळतं. ५० मुलांच्या स्लिपा गोळा करायला १ मिनिट. झाली की ५. आणि अजून तुम्ही त्या उत्तरांवर एक शब्दही बोललेला नाहीत. चुकलेलं एखादं उत्तर फळ्यावर घेऊन 'हे असं का झालं' यावर बोलायला अजून ३ मिनिटं लागतात. म्हणजे ८. तुम्ही ५ ठेवता, लागतात ८, म्हणजे ॲक्टिव्हिटी अगदी वेळेत संपली तरी ते बसणार नव्हतंच.

दुसरी गोष्ट जागेची. बेल जे कापते ते नेहमी शेवटचं असतं. आपण बीएडला हर्बार्टची पंचपदी शिकलो, प्रस्तावना वर आणि उपयोजन सगळ्यात खाली, आणि टाचणाचा तोच साचा हातात बसला, मूल्यमापनाचा रकाना पानाच्या तळाशी. पानावर तळाशी असायला माझी काही हरकत नाही, पण घड्याळात पण तो तळाशी गेला की रोज त्याचाच बळी जातो. मी बरीच वर्षं स्वतःला 'वेळेचं भान ठेव' असं बजावत राहिले, त्याने काहीच फरक पडला नाही. फरक पडला तो क्रम बदलल्यावर. आता माझ्या पिरियडमध्ये शेवटी असा भाग असतो जो अर्धा कापला गेला तरी कुणाचं नुकसान नाही, म्हणजे सरावाची उदाहरणं, जी वर्गात दोन झाली काय आणि चार झाली काय, उरलेली घरी होतात. आणि समजलं का बघायचं ते त्याच्या आधी. रबरासारखा ताणता येणारा भाग शेवटी ठेवायचा, न ताणता येणारा आत घ्यायचा.

आता एक पाठ पूर्ण सांगते, म्हणजे नुसतं तत्त्व राहणार नाही. भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज. वर्गात ४८ मुलं, सहा-सहाचे आठ ग्रुप. मी रंगीत कागदाच्या पट्ट्या कापून नेल्या होत्या, एका पट्टीला घड्या घालून तीन सारखे भाग करायचे, दुसरीला चार, मग दोन्हीची तुलना करून बेरीज शोधायची. पिरियड ११ ते ११:३५. मुलं बसून, हजेरी होऊन ११:०४. मागची उजळणी ११:०८ पर्यंत. पट्ट्या वाटायला ५ मिनिटं गेली, कारण एका ग्रुपला पाचच मिळाल्या आणि दुसऱ्या ग्रुपमध्ये निळी कुणाला यावरून भांडण. मग घड्या. चार भाग करायला काहीच लागत नाही, अर्ध्याची अर्धी घडी घातली की झालं. पण तीन सारखे भाग! कधी घडी घालून बघा, मोठ्या माणसाला पण पहिल्या प्रयत्नात जमत नाही, मुलं घडी घालतात, एक भाग मोठा येतो, उलगडतात, परत घालतात. त्यात ८ मिनिटं गेली. ११:२१ झाले. आणि मग मी प्रत्येक ग्रुपला पुढे येऊन सांगायला लावलं, आठ ग्रुप, प्रत्येकी दीड मिनिट धरलं तरी १२ मिनिटं. ११:३३. मग काय, 'समजलं का सगळ्यांना?' 'होऽऽ बाई'. बेल.

घरी येऊन वहीत लिहून काढलं तेव्हा लक्षात आलं की या सगळ्यात बेरीज कुठेच नव्हती. ५ मिनिटं वाटण्यात, ८ मिनिटं घडीत. तीन सारख्या घड्या घालता येणं ही कागदकामाची कला आहे, तिचा भिन्नछेद बेरजेशी संबंध नाही. आणि सादरीकरणात आठही ग्रुप तेच सांगत होते, दुसऱ्या ग्रुपनंतर कुणी ऐकत नव्हतं. ॲक्टिव्हिटी लांबते असं आपण म्हणतो पण बहुतेक वेळा ॲक्टिव्हिटी लांबत नाही, तिच्या आजूबाजूचं लांबतं. वाटणं, कापणं, चिकटवणं, जागा बदलणं, आणि शेवटी सगळ्यांनी पुढे येऊन बोलणं. तुम्ही पण एकदा तुमची ॲक्टिव्हिटी अशी मिनिटामिनिटाने उघडून बघा, मुलं ज्या क्षणी खरंच त्या गणिती गोष्टीचा विचार करत होती तेवढीच मिनिटं वेगळी काढा. माझी त्या दिवशी चार पण भरली नसती.

पुढच्या वर्षी तोच पाठ चौकटीच्या वहीवर घेतला. वही मुलांकडे असतेच, वाटायचं काही नाही. वहीत १२ घरांची पट्टी आखा, तिच्याखाली परत १२ घरांची. पहिलीचा १/३ भाग रंगवा, दुसरीचा १/४. पहिलीत ४ घरं भरतात, दुसरीत ३. घरं मोजली की ७, म्हणजे १२ पैकी ७. घड्या नाहीत, कात्री नाही, जोडीजोडीने काम, ग्रुप करायला बाक हलवायचे नाहीत. १० मिनिटांत होतं. याला एक मर्यादा आहे ती पण सांगते: १२ घरं मी दिली, त्यामुळे समान छेद कसा शोधायचा हा प्रश्न मीच सोडवून टाकला. तो दुसऱ्या दिवशीचा पाठ, '१/२ आणि १/५ साठी किती घरांची पट्टी घ्याल?'. एका पिरियडमध्ये दोन्ही कोंबायला गेलात की परत बेल तुमच्या आधी पोचणार.

टाचणाच्या कडेला मी आता मिनिटं लिहीत नाही, घड्याळातली वेळ लिहिते. 'ॲक्टिव्हिटी १० मिनिटं' असं लिहिलं की ती कधी सुरू झाली ते शिकवताना आठवत नाही, त्यामुळे १० कधी संपली ते पण कळत नाही. '११:१८ ला पेन खाली' लिहिलं की घड्याळाकडे एक नजर पुरते. त्या पाठाच्या वेळा अशा होत्या: ११:०४ पर्यंत बसणं आणि हजेरी, ११:०८ पर्यंत उजळणी, ११:१८ ला पट्ट्यांचं काम बंद, ११:२३ पर्यंत मी फळ्यावर तेच आकड्यांत मांडणार, ११:२३ ला स्लिपा, ११:२८ ला गोळा, ११:३१ पर्यंत एका चुकीवर बोलणं, आणि ११:३१ पासून बेलपर्यंत सराव. ती शेवटची ४ मिनिटं म्हणजे माझी शिल्लक. आधी कुठेही ४ मिनिटं सांडली तरी तपासणी ११:३५ ला पूर्ण होते, फक्त सराव घरी जातो. घड्याळ मुलांच्या पाठीमागच्या भिंतीवर असेल तर उत्तम, फळ्याच्या वर असेल तर तुमची पाठ त्याच्याकडे असते आणि मुलं मात्र बेलकडे डोळे लावून बसतात. आमच्या वर्गात घड्याळच नव्हतं तेव्हा मी मनगटावरचं काढून टेबलावर डस्टरशेजारी ठेवायचे, दर वेळी डस्टर उचलताना दिसायचं.

आता यातली खरी कसोटी ११:१८ ला आहे. मुलं रंगात आलेली असतात, 'बाई अजून दोन मिनिटं' असं चारही बाजूंनी येतं, आणि आपल्याला पण वाटतं की एवढं छान चाललंय तर थांबवायचं कशाला. ती दोन मिनिटं पाचाची होतात हे तुम्हाला माहितीच आहे. त्यामुळे त्या क्षणी विचार करायचाच नाही, काय सोडायचं ते घरीच ठरवून टाचणात लिहून न्यायचं. माझ्या टाचणात प्रत्येक ॲक्टिव्हिटीपुढे दोन ओळी असतात, एक 'एवढं झालंच पाहिजे' आणि एक 'झालं तर'. पट्ट्यांच्या पाठात 'झालंच पाहिजे' मध्ये फक्त एक बेरीज होती, १/३ आणि १/४, कारण २/३ आणि १/४ मी स्लिपेसाठी राखून ठेवते. दुसरी-तिसरी बेरीज 'झालं तर' मध्ये. सादरीकरण फक्त एका जोडीचं, आणि ती जोडी मी फिरताना आधीच हेरून ठेवते, शक्यतो जिने काम बरोबर केलंय पण मांडणी वेगळी केलीय अशी.

आणि 'सगळ्यांचं झालं का?' हा प्रश्न विचारायचाच बंद करा. ५० च्या वर्गात शेवटच्या पाच-सहा मुलांना बाकीच्यांच्या दुप्पट वेळ लागतो, त्यांच्यासाठी थांबलात की उरलेली ४५ मुलं मोकळी, मग गडबड, मग गप्प करण्यात अजून २ मिनिटं. मी फिरताना बघते, बहुतेक जोड्यांची दुसरी पट्टी रंगवून झाली की पेन खाली. ज्यांचं राहिलं त्यांना सांगते, आहे तिथे थांबा, फळ्यावर बघा, घरी पूर्ण करा. यात एक अडचण येते, वही अपूर्ण दिसते, आणि वही तपासणीच्या वेळी किंवा पालक आले की त्यावर बोट ठेवलं जातं. मी स्पष्ट सांगते की हे वर्गातलं कच्चं काम आहे. अपूर्ण पट्टीने मुलाचं काही बिघडत नाही, चुकीची कल्पना डोक्यात घेऊन घरी गेलं तर बिघडतं.

फळ्यावरून उतरवून घेणं हा पण मोठा गळतीचा भाग आहे, तो मी ११:३१ नंतर टाकला. शिकवता शिकवता 'हे लिहून घ्या' म्हटलं की सहज ४ मिनिटं जातात आणि त्या वेळात मुलं ऐकत पण नाहीत.

आता स्लिपेवर काय विचारायचं, कारण प्रश्न चुकीचा असेल तर ८ मिनिटं मिळवून उपयोग काय. एकच उदाहरण, आणि ते असं निवडायचं की प्रत्येक चुकीचं उत्तर तुम्हाला वेगळं काहीतरी सांगेल. १/२ + १/४ कधीही देऊ नका. अर्धा आणि पाव मिळून पाऊण हे मुलांना घरातून, दूधवाल्याकडून, भाजी आणताना माहिती असतं, ३/४ लिहून मोकळी होतात आणि तुम्हाला वाटतं समच्छेद करणं जमलं. मी २/३ + १/४ देते. बरोबर उत्तर ११/१२. ज्याने ३/७ लिहिलं त्याने वरचे वर, खालचे खाली मिळवलेत, त्याच्यापर्यंत पाठ पोचलेलाच नाही. ज्याने ३/१२ लिहिलं त्याने छेद १२ केला पण अंश तसेच ठेवले, म्हणजे १२ करायचं पाठ झालंय, का करायचं ते नाही. आणि ज्याने ११/२४ लिहिलं त्याने ८/१२ आणि ३/१२ पर्यंत सगळं बरोबर आणून शेवटी छेदांची पण बेरीज केली.

स्लिपा मी मधल्या सुट्टीत लावते. मार्क देत नाही, लाल पेन हातात घेत नाही, नुसत्या उत्तर बघून चार ढीग, ४८ स्लिपांना ५-६ मिनिटं पुरतात. चौकटीच्या वहीवर पहिल्यांदा घेतलेल्या त्या पाठात मला वाटलं होतं ३/७ चा ढीग मोठा असेल. तो तसा छोटा होता. ११/२४ च्या निघाल्या १३ स्लिपा. मी चक्रावले, कारण आधीच्या वर्षांत ही चूक इतकी कधी दिसली नव्हती. (अर्थात आधीच्या वर्षांत मी बघितलंच नव्हतं, बेल व्हायची.) मग त्यातल्या एका मुलीला बोलावून विचारलं, हे २४ कुठून आले गं? तिने शांतपणे वही उघडून स्लिपेच्या उदाहरणासाठी काढलेल्या पट्ट्या दाखवल्या, 'बाई, ही १२ घरं आणि ही १२ घरं, २४. त्यातली ११ रंगवली.' तिचं मोजणं अगदी बरोबर होतं. मीच एकाखाली एक दोन पट्ट्या काढायला सांगितल्या होत्या आणि उत्तर कुठल्या पट्टीवर वाचायचं ते सांगितलंच नव्हतं. चूक माझ्या ॲक्टिव्हिटीने तयार केली होती.

दुसऱ्या दिवशी पहिली ७ मिनिटं फक्त यावर घेतली. तिसरी पट्टी, १२ च घरांची, रिकामी. पहिलीतली रंगवलेली ८ घरं तिच्यात आणा, मग दुसरीतली ३ आणा. आता एका पूर्ण पट्टीतली किती भरली? आणि वर एक प्रश्न, 'दोन तृतीयांश म्हणजे अर्ध्याहून जास्त आहे ना, मग त्यात अजून काही मिळवल्यावर उत्तर ११/२४ म्हणजे अर्ध्याहूनही कमी कसं येईल?' तिथे वर्गात 'अरे हो' असा आवाज आला. तेव्हापासून या पाठात तिसरी पट्टी पहिल्यापासून असते. हे स्लिपांशिवाय मला कधीच कळलं नसतं, मी 'होऽऽ बाई' वर विश्वास ठेवून लसाविकडे वळले असते आणि ती १३ मुलं २४ घेऊन पुढे आली असती.

आता एवढं करूनही काही दिवस फसतातच. मध्येच सूचनेची वही घेऊन सेवक येतात, कुणाला तरी उलटी होते, आधीच्या तासाचे सर ५ मिनिटं उशिरा सोडतात. त्यासाठी एक छोटा पर्याय तयार ठेवा. त्याच उदाहरणाची चार उत्तरं फळ्यावर १ ते ४ नंबर टाकून लिहायची, ३/७, ३/१२, ११/२४, ११/१२. मुलांनी एक मिनिट विचार करायचा, मग मी 'दाखवा' म्हटल्यावर सगळ्यांनी एकाच वेळी छातीजवळ धरून तेवढी बोटं दाखवायची. हात वर करायला लावलात तर मागची मुलं पुढच्यांचं बघून बोटं बदलतात, छातीजवळ धरली की शेजाऱ्यालाच काय ती दिसतात. दोन-अडीच मिनिटांत होतं. पाट्या असतील तर पाट्या वर, ते अजून चांगलं, कारण उत्तर निवडायचं नसतं, काढायचं असतं. ५० पाट्या एका नजरेत वाचता येत नाहीत, म्हणून मी फक्त मागच्या दोन रांगा आणि खिडकीकडची रांग वाचते, माझं लक्ष एरवी सगळ्यात कमी जातं ती हीच जागा. हा पर्याय स्लिपेइतका भरवशाचा नाही, अंदाजाने ११/१२ दाखवणारी मुलं असतात, पण काहीच न बघण्यापेक्षा खूप बरा.

'उद्या सुरुवातीला विचारतो' हे मात्र त्याची जागा घेऊ शकत नाही. दुसऱ्या दिवशी विचारणं चांगलंच आहे, मी रोज करते, पण ते वेगळं काहीतरी मोजतं. मधल्या वेळात क्लासला कुणीतरी शिकवलेलं असतं, ताईने गृहपाठ करून दिलेला असतो, काही विसरलेलं असतं. त्यातून तुमच्या पाठाने काय झालं ते कळत नाही, आणि मुख्य म्हणजे ११/२४ वाली मुलगी तोवर रात्री त्याच पद्धतीने पाच उदाहरणं करून आलेली असते.

शेवटचं, वेळा ठरवताना 'किती लागेल' असं स्वतःला विचारू नका, 'मागच्या वेळी किती लागला' ते बघा. कानेमान आणि ट्वर्स्की यांनी १९७९ सालीच मांडलं होतं की माणूस स्वतःच्या कामाला लागणारा वेळ कमी धरतो, आधी असंच काम लांबलेलं असलं तरी. त्यावर उपाय जुन्या नोंदी. मी टाचणात ठरवलेल्या वेळेशेजारी पेन्सिलने खरी वेळ लिहिते, स्लिपा गोळा होत असतानाच, अर्ध्या मिनिटाचं काम. दोन-तीन आठवडे करून बघा. माझ्या वहीत उजळणीला ४ ठरवून दर वेळी ७ लागलेली दिसली, म्हणजे मी ज्या ॲक्टिव्हिटीला दोष देत होते ती सुरू व्हायच्या आधीच ३ मिनिटं गेलेली असायची. मग उजळणीला तीन प्रश्नांऐवजी एकच प्रश्न ठेवला. तुमची गळती कदाचित वाटण्यात असेल, कदाचित फळ्यावर एकेकाला बोलावून सोडवून घेण्यात असेल, ती तुमच्याच पेन्सिलीच्या आकड्यांत दिसेल. उद्याच्या पाठापासून सुरू करायचं तर आधी एवढंच करा, सराव आणि तपासणी यांची टाचणातली जागा अदलाबदल करा आणि तपासणीपुढे ५ खोडून ८ लिहा.